तीन फोटो आणि तीन शून्ये

गेल्या साली वसुबारसेच्या रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या फोनवर एकामागून एक तीन फोटो येऊन पडले. दिवाळीच्या दिवसांत फोटो येतात ते कंदिलांचे, रांगोळीचे, नाहीतर कुणाच्या तरी बिघडलेल्या चिरोट्यांचे. हे फोटो मात्र एका गंजलेल्या पत्र्याच्या पेटीतल्या सामानाचे होते. पाठवणारा माझा भाचा. खाली एकच ओळ होती : ‘मामा, यातला मल्टिमीटर कुठला? उद्या सकाळी पंप बघायचाय.’

आमची ताई वसईच्या पश्चिमेला, निर्मळच्या बाजूला वाडीत राहते. केळीची चार-दोन वाफे, थोडी भाजी, एक विहीर आणि विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप, एवढा तिचा पसारा. भावोजी होते तोवर घरातल्या विजेचं सारं तेच पाहत. ते गेले आणि त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. भाचा हुशार आहे, पण त्याची हुशारी विरारच्या लोकलने रोज अंधेरीला जाते आणि तिथल्या संगणकावर खर्च होते. पंपाला मात्र काही झालं होतं. बटण दाबलं की तो नुसता घुमायचा, फिरायचा नाही, आणि मिनिटभरात घरातल्या बोर्डावरचा खटका पडायचा. सणाचे दिवस, वायरमन मिळेना. तेव्हा चिरंजीवांनी बाबांची पेटी खाली काढली होती.

मी उभा जन्म कारखान्याच्या वीजखात्यात काढला, परवाना आहे, आणि आता वसई गावात निवांत बसून या पानावर आठवणी खरडतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. मी फोटो एकेक करून बोटांनी मोठे केले. तिसरा पाहून होताच फोन लावला.

‘‘कशालाही हात लावू नकोस. पेटी आहे तशी ठेव. मी सकाळी येतो.’’

‘‘पण मामा, तुम्ही नुसतं सांगा ना कुठला तो. बाकी मी बघतो.’’

‘‘तू बघशील यात मला शंकाच नाही. म्हणूनच येतोय.’’

पलीकडून ताईचा आवाज आला, ‘‘काय रे, एवढं काय आहे त्या फोटोत?’’ तिला रात्री सांगून घाबरवण्यात अर्थ नव्हता. वाचकहो, तुम्हांला सांगतो.

पहिल्या फोटोत होता पिवळ्या रंगाचा, तळहातात मावेल असा एक डबा. वर आकड्यांची काचेची पट्टी, मध्यभागी मोठं गोल चक्र, त्याच्याभोवती आकड्यांची दाटी, आणि खाली तीन भोकं. त्यांतल्या दोन भोकांतून एक काळी आणि एक लाल वायर निघालेली, वायरींच्या टोकांना सुईसारखे अणकुचीदार हात. हाच मल्टिमीटर. मधलं चक्र आणि दोन सुयांच्या वायरी एकत्र दिसल्या की तो ओळखावा. फोटो कितीही वाईट आला असला तरी या खुणेत सहसा चूक होत नाही.

पण मला दिसलं ते दुसरंच. काळी वायर ‘कॉम’ असं लिहिलेल्या भोकात होती. ती तिथेच हवी. लाल वायर मात्र मधल्या भोकात नव्हती. ती टोकाच्या भोकात होती, जिथे दहाचा आकडा आणि पुढे इंग्रजी ‘ए’ असं लिहिलेलं असतं. ‘ए’ म्हणजे अँपिअर.

याचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, मोजायचा तर मीटर दोन तारांच्या मध्ये नुसता टेकवायचा असतो. तो त्या वेळी अगदी नगण्य वीज आत घेतो, जसं टाकीच्या नळाला दाब दाखवणारं घड्याळ लावलं तरी पाणी काही त्यातून वाहून जात नाही. प्रवाह, म्हणजे अँपिअर, मोजायचा तर मात्र सगळी वीज मीटरमधूनच जावी लागते, जसं महापालिकेच्या पाणीमीटरमधून सगळं पाणी जातं. त्यासाठी मीटरच्या पोटात एक जाड तारेचा तुकडा असतो, आणि दहा अँपिअरचं भोक थेट त्या तुकड्याला जोडलेलं असतं. तेव्हा लाल वायर त्या भोकात ठेवून दोन्ही सुया भिंतीवरच्या प्लगात खुपसल्या, तर आपण मीटर लावला असं होत नाही. आपण प्लगच्या दोन भोकांत एक जाड तार वाकवून घातली असं होतं. चक्र कुठेही फिरवलेलं असो, त्यानं काही वाचत नाही. असल्या स्वस्त मीटरांत त्या भोकाला बहुधा फ्यूजही नसतो, आणि तसं इंग्रजीत शेजारी बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. बारीक अक्षरं आपण कर्जाच्या कागदावरची वाचत नाही, तर मीटरवरची कोण वाचतो! मग होतो एक पांढरा लखलखाट. सुईचं टोक वितळतं, आणि तोंड जवळ असेल तर डोळे आणि बोटं भाजतात.

भावोजींनी असं का ठेवलं होतं? त्यांनी बहुधा शेवटी बॅटरीच्या चार्जरचा प्रवाह मोजला असेल आणि वायर तिथेच राहिली. शेवटचं मोजमाप कशाचं झालं, हे मीटरच्या वायरी असं लक्षात ठेवतात. म्हणून असला मीटर हाती आला की आधी चक्राकडे नाही, लाल वायर कुठल्या भोकात आहे तिकडे पाहावं.

चक्रही चुकलेलंच होतं. व्होल्टच्या दोन बाजू असतात. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराशेजारी सरळ रेघ असेल तर ती बॅटरीची, सेलची बाजू. नागमोडी रेघ असेल तर ती घरातल्या विजेची. भावोजींचं चक्र सरळ रेघेच्या बाजूला 200 वर होतं. समजा लाल वायर बरोबर भोकात असती आणि भाच्याने सुया प्लगला लावल्या असत्या, तर काय दिसलं असतं? शून्य, किंवा शून्याच्या आसपास थरथरणारे काही आकडे. घरातली वीज सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होते. सरळ रेघेच्या बाजूचा मीटर त्या पुढच्या-मागच्याची वजाबाकी करतो आणि ‘काही नाही’ म्हणून सांगतो. प्लगात 230 व्होल्ट, आणि मीटरवर शून्य! हे आपलं पहिलं शून्य.

आणखी एक खूण फोटोत दिसते, तीही सांगून टाकतो. भोकांच्या जवळ ‘कॅट’ अशी इंग्रजी अक्षरं आणि पुढे रोमन आकडा असतो. दोन उभ्या रेघा असतील तर तो मीटर प्लगला लावायच्या उपकरणांपुरता. तीन रेघा असतील तर घरातल्या पक्क्या वायरिंगला आणि बोर्डालाही चालतो. चार असा आकडा असेल तर बाहेरच्या, खांबावरून येणाऱ्या तारेपर्यंत. पुढे 300, 600 असे व्होल्ट लिहिलेले असतात. कुणी म्हणेल, 230 व्होल्ट तर सगळीकडे सारखेच, मग हा भेद कशाला? कारण तारेत मधूनच क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येऊन जातो, आणि खांबाच्या जितकं जवळ जावं तितका त्याच्या मागचा जोर मोठा. भावोजींच्या पिवळ्या मीटरवर रेघा दोनच होत्या. टॉर्चचा सेल पाहावा, दिव्यांच्या माळेच्या अडॅप्टरमधून 12 व्होल्ट निघतात का पाहावं, प्लगमधून काढून ठेवलेल्या इस्त्रीची वायर आत तुटली आहे का पाहावं, इतपत त्याचं राज्य. चांगले मीटर करणारे कारखाने दूर नाहीत, नाशिकला सातपूरलाच ऋषभ नावाचा आहे. पण बोर्ड उघडून पाहण्याची हौस चांगला मीटर घेऊनही घरच्या माणसानं करू नये, असं माझं मत आहे.

आता दुसरा फोटो. ‘हा पक्कडसारखा कसला?’ असं भाच्याने खाली विचारलं होतं. वसईच्या माणसाला मी एका शब्दात सांगेन : चिंबोरी. धड मीटरचं, आणि डोक्यावर खेकड्याच्या नांगीसारखा एक गोल जबडा. बाजूला एक खटका असतो, तो दाबला की जबडा उघडतो, सोडला की मिटतो. हा क्लॅम्प मीटर. जुने वायरमन त्याला ‘टाँग टेस्टर’ म्हणतात. तार न तोडता, न सोलता, नुसती जबड्यात घेतली की तिच्यातून किती अँपिअर वाहतात ते तो सांगतो. वीज वाहू लागली की तारेभोवती चुंबकत्व जागं होतं, आणि जबडा ते पकडतो. भल्या माणसाचं हत्यार, कारण यात सुया कुठे खुपसाव्याच लागत नाहीत.

पण याचीही एक खोड आहे. इस्त्रीची किंवा पंखा-टेबलाची अख्खी केबल जबड्यात धरली तर हा शून्य दाखवतो, मग इस्त्री लालबुंद का तापली असेना. कारण एका तारेनं वीज जाते आणि शेजारच्या तारेनं तितकीच परत येते. दोघींचं चुंबकत्व उलट दिशांचं, ते एकमेकांना खाऊन टाकतं. जबड्यात एकच तार घ्यावी लागते. एकच तार हाती लागायची तर बोर्ड किंवा स्टार्टर उघडावा लागतो, म्हणजे फिरून तेच परवानेवाल्याचं काम आलं.

आणि याहून घातक अशी दुसरी गोष्ट आहे. क्लॅम्प मीटर प्रवाह मोजतो, दाब नव्हे. नळ बंद असला तरी पाइपात पाणी दाबाने भरलेलं असतंच की! पंप बंद आहे, एकच तार नीट जबड्यात धरली आहे, मीटर शून्य सांगतो आहे, आणि मीटरचं बोलणं अक्षर न् अक्षर खरं आहे. पण त्या तारेला बोट लावलं, तर तोपर्यंत न वाहिलेली वीज तुमच्यातून वाहायला लागते. हे दुसरं शून्य. पहिलं शून्य खोटं होतं, हे खरं आहे, आणि तरीही मारतं.

क्लॅम्प मीटरच्या खालच्या अंगाला पुष्कळदा भोकं असतात आणि सुयांच्या वायरी लावून त्यावर व्होल्टही मोजता येतात, म्हणून फोटोत लोकांचा गोंधळ होतो. नांगी दिसली की क्लॅम्प, एवढं धरून चाला. साधा क्लॅम्प घरच्या विजेपुरताच असतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या किंवा छपरावरच्या सूर्यपट्ट्यांच्या तारेवर तो गप्प बसतो. त्याला सरळ रेघेची खूण असलेला वेगळा क्लॅम्प लागतो.

तिसऱ्या फोटोनं मात्र मला अंथरुणातून उठवलं. भाच्याने अगदी आत्मविश्वासाने लिहिलं होतं, ‘हा आपला नेहमीचा टेस्टर, हा मला येतो.’ फोटोत पारदर्शक मुठीचा, अणकुचीदार टोकाचा, स्क्रू-ड्रायव्हरसारखा एक जिन्नस होता. मुठीत इवलासा दिवा. इथपर्यंत सगळं टेस्टरसारखंच. पण मुठीच्या मागून एक वायर निघाली होती आणि तिच्या टोकाला मगरीच्या जबड्यासारखा चिमटा होता. तो घरातला टेस्टर नव्हता. तो गाडीचा, 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प होता. भावोजींचा टेम्पो होता त्या काळातला.

घरातल्या टेस्टरच्या मुठीत दिव्याच्या आधी एक मोठा अवरोध बसवलेला असतो. त्यामुळे आपल्या अंगातून जाते ती वीज जाणवणारही नाही इतकी थोडी. गाडीच्या लॅम्पमध्ये तसं काही नसतं. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावायचा आणि टोक तारेला टेकवायचं, मध्ये नुसता 12 व्होल्टचा दिवा. हा घरच्या प्लगात घातला तर? चिमटा मोकळा लोंबत असेल तर दिवा लागत नाही, आणि माणूस समजतो वीज नाही. पण त्याच वेळी दिव्याच्या तारेतून त्या उघड्या चिमट्यावर पुरे 230 व्होल्ट आलेले असतात, आणि दुसरा हात नेमका तो चिमटा आवरायला जातो. फोटोत ओळखायची खूण सोपी आहे. मुठीच्या मागून वायर आणि चिमटा निघत असेल, तर तो जिन्नस गाडीचा. घरात त्याचं काम नाही.

गंमत अशी, की घरचा खरा टेस्ट लॅम्प त्याच फोटोच्या कोपऱ्यात अर्धवट दिसत होता, आणि भाच्यानं त्याची चौकशीसुद्धा केली नव्हती. एक काळा बल्ब-होल्डर, त्यात 40 वॉटचा जुना काचेचा बल्ब, त्यावर तारेची जाळी, आणि होल्डरातून निघालेल्या दोन लांब वायरी. त्याला ती अडगळ वाटली. ना काच, ना चक्र, ना आकडे! पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर खरा चोर दाखवला तो या अडगळीनं.

टेस्ट लॅम्प काही मोजत नाही. दोन तारांच्या मध्ये सुमारे 230 व्होल्ट असतील तर लख्ख पेटतो, कमी असतील तर तांबडा होतो, इतकंच. मग त्याचा उपयोग काय? तो वीज खातो, हा त्याचा उपयोग. मल्टिमीटर इतका हलका, की कुठेही न जोडलेली तार नुसती चालू तारेच्या सोबतीनं भिंतीतून गेली असली तरी तिच्यावर तो 60-70 व्होल्ट दाखवतो, आणि माणूस भूत पाहिल्यासारखा घाबरतो. टेस्ट लॅम्प लावा, भूत पळतं, कारण त्या व्होल्टांच्या मागे जोर काहीच नसतो. मात्र बल्ब जुना, तारेचाच हवा. आताचा एलईडी बल्ब त्या भुतानंही मिणमिणतो, आणि दाब पुष्कळ उतरला तरी तसाच उजळ राहतो. म्हणजे दोन्हीकडून फसवतो.

तीन फेजच्या मोठ्या पंपावर हा एकटा बल्ब लावू नये. तिथे दोन फेजांमध्ये 400 व्होल्ट असतात, बल्ब फुटतो आणि काचा तोंडावर येतात. आणि फेज व पंपाचं लोखंडी अंग यांच्यामध्येही लावू नये. पंपाची अर्थिंग तुटलेली असेल तर बल्बच्या तारेतून सगळं अंग जिवंत होतं. अर्थिंग शाबूत असली तरी 40 वॉटचा बल्ब 170 मिलिअँपिअर घेतो, आणि घरात गळतीवर पडणारा आरसीसीबी 30 वरच पडतो. घर काळोखात जातं आणि स्वयंपाकघरातून काय ऐकायला लागतं ते मी लिहीत नाही.

आता तिसरं शून्य, म्हणजे न पेटलेला दिवा. तो का पेटला नाही याची कारणं बघा. वीज नसेल. बल्ब उडालेला असेल. होल्डरात सैल असेल. वायर आतून तुटली असेल. किंवा फेज जिवंत असेल आणि न्यूट्रल तुटलेली असेल, म्हणजे दिवा विझलेला आणि तार मारकी. म्हणून आमच्या धंद्यात एक रीत आहे. दिवा आधी नक्की चालू असलेल्या प्लगवर पेटवून बघायचा, मग ज्या तारेवर काम करायचं तिच्यावर लावायचा, आणि मग पुन्हा त्या चालू प्लगवर जाऊन पेटवायचा. मधल्या वेळात बल्ब उडाला नाही, हे त्या तिसऱ्या वेळी कळतं. लोक दुसऱ्या पायरीवर थांबतात. शिवाय तपासताना एक सुई न्यूट्रलला लावून भागत नाही, फेजची तार मीटरनं अर्थला लावूनही पाहावी लागते, म्हणजे तुटलेली न्यूट्रल उघडी पडते.

हे करूनसुद्धा दिवा सांगतो ते ‘आत्ता वीज नाही’ एवढंच. 2018 च्या जुलैत वसईत पाणी भरलं होतं ते अनेकांना आठवत असेल. गाड्या बंद, पुष्कळ भागांत वीज बंद. त्या दिवसांत आमच्या इमारतीतले एक गृहस्थ काळोख आहे म्हणून ओल्या मीटरपेटीत हात घालायला निघाले होते. काळोख होता तो खांबावरून वीज येत नव्हती म्हणून, आणि ती कुठल्या क्षणी येईल ते खांबाला ठाऊक. आपला मेन स्विच आपण खाली ओढून, त्यावर चिठ्ठी लावून, शक्य तर कुलूप घालून ठेवला असेल, तरच तो काळोख आपला म्हणायचा.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा स्वतःचा तीन रेघांचा मीटर, क्लॅम्प आणि रबरी तळाचे बूट घेऊन मी वाडीत पोहोचलो. जमीन दवानं ओली होती म्हणून स्टार्टरसमोर कोरडी फळी टाकली. भाच्याला घरातल्या बोर्डाजवळ उभं केलं, खटका वर-खाली करायला.

पंप बंद असताना घरातल्या बोर्डावर 228 व्होल्ट होते, विहिरीजवळच्या स्टार्टरवर 227. भाचा खूश. ‘‘म्हणजे वीज बरोबर येतेय. पंपच गेला!’’ मीटर हाती असलेला कुणीही हेच म्हणाला असता, आणि ताईनं दुपारपर्यंत पंप गुंडाळायला पाठवला असता. मी भावोजींचा टेस्ट लॅम्प घरातल्या प्लगवर पेटवून पाहिला आणि स्टार्टरच्या दोन तारांत लावला. लख्ख पेटला. ‘‘आता पंपाचं बटण दाबतो,’’ मी म्हटलं, ‘‘पंपाकडे नको, बल्बकडे बघ.’’

बटण दाबलं, पंप घुमू लागला, आणि बल्ब एकदम विझत्या निखाऱ्यासारखा तांबडा झाला. बटण सोडलं, पुन्हा लख्ख.

मग आकडे घेतले. पंप घुमत असताना बोर्डावर 224 व्होल्ट, स्टार्टरवर फक्त 168. क्लॅम्पच्या जबड्यात एक तार घेतली तर 22 अँपिअर. पंपाच्या पाटीवर लिहिलेले 7. पंप सुरू होताना क्षणभर असा मोठा प्रवाह घेतोच, पण चांगला पंप सेकंदभरात गती घेतो आणि आकडा खाली येतो. हा खाली येईना, कारण 168 व्होल्टांत त्याला गती घ्यायला बळच नव्हतं. तो उभ्या जागी 22 अँपिअर पीत राहिला आणि बोर्डावरचा 10 अँपिअरचा खटका मिनिटभरात पडला. खटक्याचं बरोबरच होतं.

घर ते विहीर अंतर 40 मीटर. जाऊन-येऊन 80 मीटर तांब्याची तार, अडीच चौरस मिलिमीटरची. एवढ्या तारेनं 22 अँपिअरला सुमारे 13 व्होल्ट खावेत. इथे तर 56 गेले होते. मग बाकीचे 43 कुठे गेले? पंपाचा कपॅसिटर गेला असता तरी तो असाच घुमला असता, पण तेव्हा वाटेत एवढा दाब हरवला नसता. हरवला होता तो तारेत, आणि तार कुठेतरी जोडलेली असणार. 43 व्होल्ट आणि 22 अँपिअर यांचा गुणाकार केला तर साडेनऊशे वॉट होतात. एका इस्त्रीएवढी उष्णता वाटेत कुठेतरी एका बोटाएवढ्या जागेत निघत होती.

भाच्याला मेन बंद करायला लावला, त्यावर चिठ्ठी लावली, आणि आम्ही तारेच्या मागे चालत निघालो. आंब्याच्या बुंध्यापाशी सापडली. काळ्या पट्टीची गुंडाळी, पाऊस आणि खारा वारा खाऊन पिचलेली, एका अंगाला करपून चकाकणारी. दिवा लावून, परत प्लगवर पेटवून, मीटरनं खात्री करून मग पट्टी सोडली. आत तांबं हिरवं झालं होतं आणि सात तारांतल्या जेमतेम दोन एकमेकींना टेकत होत्या. बंद पंपाच्या वेळी मीटरची चिमूटभर वीज त्या दोन तारांतून आरामात जात होती, म्हणून 227. बल्बची 170 मिलिअँपिअरही गेली. पंपाची 22 अँपिअर जाईनात.

तार स्वच्छ जागेपर्यंत कापली, कनेक्टर लावून जोड झाकणाच्या डब्यात घातला आणि डबा पडवीच्या वळचणीला, पावसापासून दूर नेला. पंप सुरू केला. क्लॅम्पचा आकडा वर उडाला आणि लगेच 6.8 वर येऊन बसला. स्टार्टरवर 222 व्होल्ट. केळीच्या पाटात पाणी आलं तेव्हा ताईची चकली तळून झाली होती, आणि मला वर सुकेळ्यांचा एक पुडा मिळाला.

जाताना मी गाडीचा टेस्ट लॅम्प माझ्या पिशवीत टाकला. भाच्याला सांगितलं, पिवळा मीटर तुझा, सेल आणि अडॅप्टर बघायला. त्या रात्री पुन्हा फोनवर फोटो आला. पिवळ्या मीटरची लाल वायर मधल्या भोकात होती, चक्र ‘बंद’वर होतं, आणि टोकाच्या भोकावर त्यानं लाल चिकटपट्टी चिकटवून टाकली होती. मी फोटो मोठा करून दोनदा पाहिला आणि मग झोपलो.